दगडफूल, वाळा आणि थोडी जटामांसी: आठवणीतलं हिना अत्तर विक्रेत्याला कसं सांगायचं

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर अत्तराच्या दुकानात जाऊन "आजोबा लावायचे ते अत्तर द्या, मेंदीसारखा वास होता," असं सांगितलं की विक्रेता बहुतेक वेळा गुलहिनाची बाटली काढतो. गुलहिना म्हणजे मेंदीच्या फुलांचं अत्तर. त्याचा वास फुलांचा, हिरवट आणि गोडसर असतो. गिऱ्हाईक हुंगतं, मान हलवतं, आणि "आता तसं मिळतच नाही" म्हणत बाहेर पडतं. त्याला हवं असतं ते हिना. नाव तेच, पण हे अत्तर मसाल्यांचं आणि औषधी मुळ्यांचं. मेंदीच्या फुलाचा गंध त्यात असलाच तर मागे कुठेतरी. गिऱ्हाईक चुकलेलं नसतं आणि विक्रेताही नाही, एकाच शब्दाने दोघांना दोन वेगळ्या बाटल्या दाखवल्या, एवढंच.

हरवलेला वास शोधताना सगळ्यात जास्त फसवतं ते नावच. म्हणून इथे नाव बाजूला ठेवून, वासात काय काय होतं ते विक्रेत्यापर्यंत पोचवण्याची पद्धत दिली आहे. उदाहरण हिनाचंच घेतलं आहे. मराठी घरांतल्या आजोबांच्या पिढीत थंडीत हिना आणि उन्हाळ्यात वाळा अशी सर्रास रीत होती, शिवाय हिनाचे बरेच घटक आपल्याला गोड्या मसाल्यातून आणि दिवाळीच्या उटण्यातून आधीच ओळखीचे असतात. ही ओळख दुकानात फार उपयोगी पडते.

आधी आठवण नीट सोलून घ्या

दुकानात जाण्यापूर्वी कागद घ्या आणि तो वास कुठे यायचा ते लिहा. कानाच्या पाळीमागच्या फायातून? शालीतून? ट्रंक उघडल्यावर? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण अत्तर दिवसभर एकच वास देत नाही. लावल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं वेलदोडा, कापरासारखे चटकन उडून जाणारे वास पुढे असतात. मग तास-दोन तास मधला भाग राहतो. कपड्यात दुसऱ्या दिवशी उरतं ते चंदन, वाळा, नागरमोथा, कस्तुरीसारखं जड काही. म्हणजे तुमची आठवण शालीची असेल तर दुकानात बाटलीचं बूच उघडून नाकाशी धरल्यावर ती सापडणारच नाही. तुम्ही त्या अत्तराचा शेवटचा अंक पाहिला आहे आणि बाटलीत दिसतो तो पहिला.

ट्रंकेची आठवण असेल तर आणखी सोलावं लागतं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असत, लोकर असे, कधी वेखंडाचे तुकडे, आणि लोखंडाचा स्वतःचा वास. शालीला अंगाचा आणि केसांच्या तेलाचा वास असे. कानातल्या फायाच्या आठवणीत पान-तंबाखूही मिसळलेली असते. हे सगळं अत्तराच्या खात्यात टाकलं तर विक्रेत्याकडे नसलेलीच वस्तू आपण मागत बसतो. आठवणीतलं डांबर वेगळं करायला सोपा उपाय असा: घरात डांबराची गोळी हुंगा आणि स्वतःला विचारा, आठवणीत हेच होतं का? "हो" आलं तर ते यादीतून काढून टाका.

यानंतर काय *नव्हतं* ते लिहा. "छान, दैवी, जुना, राजेशाही" असले शब्द विक्रेत्याच्या काहीच उपयोगाचे नाहीत. "गोड नव्हता", "साबणासारखा नव्हता", "गुलाब नव्हता", "नाकात गार लागत नव्हता" या चार वाक्यांनी मात्र त्याच्या फळीवरच्या अर्ध्या बाटल्या बाद होतात. नकार पुष्कळदा होकारापेक्षा जास्त खात्रीचे असतात, कारण आठवणीत काय होतं याचा गोंधळ होतो, काय नव्हतं याचा सहसा होत नाही.

जुनी रिकामी बाटली मिळाली तर ती धुऊ नका आणि तिच्यात पाणीही घालू नका. बूच घट्ट लावून तशीच दुकानात न्या. तळाशी वाळलेल्या थरात फक्त जड भाग उरलेला असतो आणि तोही वर्षानुवर्षांत थोडा आंबूस किंवा राळेसारखा झालेला असू शकतो. तरी अनुभवी विक्रेता बाटली तळहातात दोन मिनिटं कोमट करून काचेच्या बुचाचं टोक हुंगतो आणि निदान घराणं सांगतो: फुलांचं की मसाल्याचं, चंदनावरचं की नाही.

वासाच्या पुड्या

शब्दांपेक्षा वस्तू बरी. काष्ठौषधींच्या दुकानातून दगडफूल, नागरमोथा, वाळा, जटामांसी आणि कापूरकाचरी प्रत्येकी ५ ते १० ग्रॅम घ्या. चंदनाचं खोड आणि सहाण घरात असेल तर चंदन उगाळूनच घ्यायचं. बाजारातल्या चंदन पावडरीत बऱ्याचदा दुसऱ्याच लाकडाचा भुसा आणि वास मिसळलेला असतो. लवंग, वेलदोडा, जायपत्री आणि दोन काड्या केशर स्वयंपाकघरातून मिळतील. या सगळ्या पुड्या झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत वेगवेगळ्या ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या एकमेकींत ठेवल्या की तासाभरात सगळ्याला जटामांसीचा वास येतो.

यातली प्रत्येक वस्तू थोडी जागी करावी लागते. नागरमोथ्याची गाठ खलबत्त्यात ठेचा, अख्खी गाठ जवळजवळ मुकी असते. वाळ्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीचा तो मुळाचा, मातीचा, किंचित धुरकट गारवा येतो. दगडफूल कोरड्या तव्यावर मंद आचेवर वीस-तीस सेकंद शेका आणि काळं पडण्याआधी उतरवा. करपलं की फक्त जळका वास उरतो आणि सगळा अंदाज चुकतो. जटामांसीचा नखाएवढा तुकडा पुरे. तिचा वास ओलसर जुन्या लाकडासारखा, थोडा घामट असतो आणि तो पहिल्यांदा घेणाऱ्याला आवडतोच असं नाही. पण हिनाला जो एक खोल, औषधी कडवटपणा असतो, तो बराचसा इथूनच येतो.

आता एकेक बाटली नाकापासून वीतभर दूर धरून हुंगा आणि कागदावर तीनच शेरे वापरा: होतं, नव्हतं, नक्की नाही. एका बैठकीत चार-पाचपेक्षा जास्त नकोत. नाक थकलं की सगळं सारखंच वाटायला लागतं. मध्ये खिडकीशी जाऊन दोन मिनिटं नुसता श्वास घ्या किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत काही दुकानांत आहे, पण साध्या हवेपेक्षा तिचा जास्त उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याआधी, हीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही दिवशी ज्याच्यापुढे "होतं" आलं तेवढंच खरं धरायचं. हाती साधारण तीन-चार नावं राहतात आणि तेवढी पुरतात.

आठवण दुसऱ्या कुणाची असेल, म्हणजे आईसाठी तिच्या वडिलांचं अत्तर शोधत असाल, तर ही चाचणी तिच्याच नाकाने व्हायला हवी. वयाबरोबर वासाची जाणीव कमी होते, आणि तरुण माणसांतही काहींना ठरावीक कस्तुरी-वास मुळीच येत नाहीत. शेजारच्याला जी बाटली भरदार वाटते ती अशा माणसाला नुसतं तेल वाटते. म्हणून दुकानात जाताना शक्य असेल तर दुसरं नाक सोबत न्यावं.

मराठी नाव आणि बाजारातलं नाव

अत्तराचा व्यापार हिंदी-उर्दूत चालतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजमधून येणाऱ्या मालावरची नावंही त्याच भाषेतली. त्यामुळे आपण वाळा म्हणतो ते दुकानात खस, दगडफूल म्हणजे छरीला, जटामांसी म्हणजे बालछड, चंदन म्हणजे संदल. बकुळीचं अत्तर हवं असेल तर मौलश्री मागायचं, पारिजातकाला हरसिंगार, निशिगंधाला रजनीगंधा. मोगरा चालतो, पण बेला आणि मोतिया ही त्याच फुलाची नावं आहेत हे माहीत असावं. जाई म्हणजे त्यांची चमेली, जुई म्हणजे जूही. या दोघींत आपणच घोळ घालतो, तर विक्रेत्याला काय दोष द्यायचा.

चाफ्याचं विशेष सांभाळा. नुसतं "चंपा" म्हटलं तर सोनचाफा मिळेल. देवळापुढच्या पांढऱ्या चाफ्याचा वास आठवत असेल तर फ्रँजिपनी म्हणावं लागेल.

सगळ्यात निसरडा शब्द अंबर. जुन्या अत्तरांत अंबर म्हणजे व्हेल माशापासून मिळणारा, समुद्रकाठी सापडणारा पदार्थ. त्याचा वास खारट, ऊबदार, प्राण्यासारखा. आज परफ्यूमच्या बाटलीवर अंबर लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा तो राळ, लोबान आणि व्हॅनिला यांचा गोड मेळ असतो. आजोबांच्या हिनात "अंबर होता" असं घरात कुणी सांगितलं आणि तुम्ही तो शब्द तसाच दुकानात नेला, तर तुमच्या हातात गोड बाटली पडेल. कस्तुरीचंही असंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे कस्तुरीमृगाची कस्तुरी विकता येत नाही. आज "व्हाइट मस्क" म्हणून मिळतं ते कृत्रिम असतं आणि धुतलेल्या कपड्यांसारखं स्वच्छ वासतं. जुन्या कस्तुरीची ऊब थोडीफार हवी असेल तर लताकस्तुरीच्या, म्हणजे मुश्कदान्याच्या दिशेने विचारा.

हिना म्हणजे नेमकं काय, आणि ते दुकानागणिक का बदलतं

पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेत वनस्पती आणि पाणी उकळतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून खाली ठेवलेल्या भपक्यात जाते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वाफेतला वास त्या तेलात मुरतो. गुलाब किंवा केवड्यासाठी एकच फूल असतं. हिना आणि त्याचा जवळचा नातेवाईक शमामा यांत मात्र अनेक मुळ्या, मसाले, दगडफूल, कधी केशर अशा कितीतरी गोष्टी टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि शेवटी तयार अत्तरं एकमेकांत मिसळून मुरत ठेवतात. प्रत्येक घराण्याचं प्रमाण वेगळं आणि गुप्त. म्हणून दोन दुकानांतलं हिना सारखं असण्याचं कारणच नाही. दोन घरांचा गोडा मसाला कुठे सारखा असतो!

यातून एक मर्यादाही येते आणि ती आधीच मान्य केलेली बरी. चंदनाचं तेल आज किलोला लाखांच्या घरात आहे. त्यामुळे बरीचशी स्वस्त अत्तरं लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम गंधहीन तेलावर बनतात. १९६०-७० च्या सुमाराच्या हिनाचा पाया चंदन असेल, तर आजच्या स्वस्त हिनात मसाला तोच असूनही खाली जमीनच नसते. वास तासाभरात तरंगून जातो. आठवणीतल्या वासाच्या जवळ जाता येतं, तंतोतंत तोच मिळेल असं गृहीत धरू नका. त्यातून तुमची आठवण शालीची असेल तर पायाला पैसे घालावेच लागतील. फायाची, ताज्या लावलेल्या अत्तराची असेल तर मधल्या दर्जाचं अत्तरही चालून जातं.

दुकानात

सकाळी दुकान उघडल्यावर किंवा दुपारी गर्दी नसताना जा. शुक्रवारी नमाजाच्या सुमाराला आणि रमजानच्या संध्याकाळी विक्रेत्याला श्वास घ्यायला सवड नसते. स्वतः अंगाला काही लावून जाऊ नका, केसांच्या सुवासिक तेलासकट. सोबत पुड्या, कागद, पेन, आणि शालीची आठवण असेल तर जुन्या लोकरी कापडाचे तीन-चार छोटे तुकडे न्या.

बोलणं साधारण असं सुरू करता येईल: "भाई, हिना देखना है. मेहंदी के फूलवाला नहीं, मसालेवाला, पुराने टाइप का. मीठा नहीं चाहिए, मस्क ज़्यादा नहीं चाहिए. छरीला और खस आगे हो, थोड़ा बालछड पीछे. नीचे संदल." मग पुड्या पुढे ठेवा आणि म्हणा, "इसके जैसा, इतना." वयस्कर विक्रेता असेल तर चाचा म्हणा. त्याने पुड्या हुंगल्या आणि स्वतःहून आतल्या फळीकडे गेला, तर तुम्ही योग्य दुकानात आला आहात. पुड्यांकडे न बघता "सबसे ज्यादा ये बिकता है" म्हणत पुढची बाटली काढली, तर नम्रपणे पुढच्या दुकानात जावं.

बजेट आधीच सांगा, पण मात्रेच्या भाषेत. अत्तर तोळ्यावर चालतं. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, व्यवहारात साधारण १२ मिलीची बाटली. पाव तोळा म्हणजे ३ मिली. "पाव तोळ्याला इतके" असं बोलल्यावर विक्रेत्यालाही महागडं दाखवायला संकोच वाटत नाही, कारण तुम्ही थोडंसंच घेणार आहात हे त्याला कळतं.

बाटली थेट हुंगू नका. कागदी पट्टीवर किंवा काडीवर गुंडाळलेल्या कापसाच्या फायावर एक ठिपका घ्या, पट्टीवर क्रमांक आणि वेळ लिहा, अर्धा मिनिट हवेत ठेवा आणि मग नाकापासून दोन बोटं दूर धरा. एका फेरीत तीनच. मनगटावर घेतलंत तर दुसऱ्या मनगटाने चोळू नका. चोळल्याने ऊब वाढून पहिले वास लवकर उडतात आणि विक्रेत्यासमोर तुम्हाला भलताच टप्पा दिसतो. त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आत ठिपका लावून २४ तास वाट पाहा. गडद हिना पांढऱ्या कापडावर डाग पाडतं, तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर तपासू नका.

एक शोध, पायरीपायरीने

समजा कागदावर असं लिहिलं आहे: आठवण थंडीतली, लोकरी शालीची. दगडफूल होतं, वाळा होता, चंदन होतं, जटामांसी थोडी. गुलाब नव्हता, गोड नव्हतं. लवंग नक्की नाही.

पहिली पट्टी नुसत्या "हिना" नावाची. लालसर, दाट. पहिल्याच क्षणी गोडवा आणि पावडरीसारखा मस्क. मसाला आहे, पण मिठाईच्या डब्यात ठेवल्यासारखा. इथे "नहीं चाहिए" म्हणून थांबलात तर विक्रेत्याला काहीच कळत नाही. दिशा सांगा: "मसाला ठीक है, मीठा निकालो, सूखा चाहिए." सूखा हा शब्द इथे सोन्यासारखा आहे. अत्तरवाल्यांना तो बरोबर कळतो: लाकूड, मुळी, शेवाळाकडे जा.

दुसरी पट्टी शमामा. नाकाला लगेच लवंग, वेलदोडा, केशराचा चामड्यासारखा कडकपणा. गोडवा नाही. पण "आजोबा" नाहीत, कारण मसाला फारच पुढे आहे. घाई करू नका. आठवण शालीची आहे, म्हणून हिचा ठिपका लोकरीच्या तुकड्यावर घ्या, कागदात गुंडाळून बाजूला ठेवा आणि चहा पिऊन या. दोन तासांनी लवंग बसलेली असते आणि दगडफूल-जटामांसी वर आलेली असतात. आता ती बरीच जवळ वाटेल. लवंगेसमोरचं "नक्की नाही" इथे सुटतं: अत्तरात लवंग होती, पण शालीपर्यंत ती पोचत नव्हती.

तिसरी पट्टी जुन्या धर्तीचं हिना, शमामापेक्षा मऊ. चंदन चांगलं, गोडवा अगदी कमी. दोन तासांनंतर हीच सगळ्यात जवळची, फक्त वाळा नाही. विक्रेता इथे खस मिसळायला तयार असेल, पण लगेच मिसळू देऊ नका. तिसऱ्या हिनाची पट्टी आणि खसची पट्टी हातात पंख्यासारख्या धरा, खसची दोन बोटं मागे, आणि दोन्ही एकत्र हलवून हुंगा. मिश्रण न करता त्याचा अंदाज येतो. खसची पट्टी पुढे-मागे सरकवत जा. जिथे आठवण हलते तिथे थांबा. हिनाच्या मागे ती बरीच दूर राहिली, तर प्रमाण साधारण नऊ-दहाला एक असेल. खस जवळ आणलं की हिना मावळतं आणि उन्हाळा येतो. थंडीतल्या आठवणीला ते चालत नाही.

मग ३ मिलीच्या बाटलीत मिश्रण करून घ्या. एकाच ड्रॉपरने थेंब मोजून: हिनाचे २७, खसचे ३. अत्तराचे थेंब दाटपणानुसार लहानमोठे पडतात, म्हणून "इतके मिली" यापेक्षा "या ड्रॉपरचे इतके थेंब" असं लिहून ठेवा. ताज्या मिश्रणात खस आधी उडी मारून पुढे येतं. बाटली अंधाऱ्या, गार जागी आठवडाभर ठेवून मगच निकाल लावा. एका आठवड्यात दोन्ही एकमेकांत बसतात. तेव्हाही खस टोचत असेल तर हिनाचे पाच-सहा थेंब घाला. कमी वाटलं तर खसचा एकच थेंब, दोन नव्हेत.

घरी आणल्यावर पायाची परीक्षा

शुद्धतेच्या जाहिराती ऐकण्यापेक्षा ही साधी तपासणी बरी. पट्टीवर एक ठिपका ठेवून ती उघड्यावर, पण इतर वासांपासून दूर ठेवा. ४८ तासांनी पाहा. ठिपका तेलकट आहे आणि वास जवळजवळ नाही, तर बाटलीत गंधहीन तेल भरपूर आहे. ठिपका तेलकट आणि त्याला मऊ, दुधाळ लाकडाचा वास, तर खाली चंदन आहे. पाणी टाकून, जाळून, बर्फात ठेवून "असली" ओळखायच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या सगळ्या विसरा, त्यांनी तेल कळतं, अत्तर नाही.

कुणी पूर्ण तोळाभर हिना दोन-तीनशे रुपयांत "शुद्ध संदल पर" म्हणत विकत असेल तर हिशेबच बसत नाही. ते वाईटच असेल असं मात्र नाही. वास जवळचा असेल तर घ्या, फक्त शालीवर तो तिसऱ्या दिवशी राहील अशी अपेक्षा ठेवू नका.

दुकान दूर असेल तर

परगावी किंवा परदेशी असलेल्यांना फोनवर संदेश पाठवूनच काम भागवावं लागतं. संदेश छोटा ठेवा, कथा नको. उदाहरणार्थ: "मसालेवाला हिना चाहिए, गुलहिना नहीं. सूखा, मीठा बिल्कुल नहीं. छरीला, खस, संदल साफ़ आए, बालछड हल्का. कपड़े पर अगले दिन रहे. तीन अलग हिना या शमामा का आधा-आधा मिली सैंपल भेजिए, हर शीशी पर नाम लिखकर." आजोबांची गोष्ट सांगितली तर चांगला विक्रेता मनापासून ऐकेल, पण त्याने बाटली निवडली जात नाही.

नमुने आले की एकाच दिवशी उघडू नका. दिवसाला एक. तेच कागदी शेरे, तेच लोकरीचे तुकडे, पंधरा मिनिटं, दोन तास आणि दुसरी सकाळ अशा तीन वेळा. प्रतिसाद पाठवताना "आवडलं नाही" ऐवजी "दुसरं जवळ, पण खस कमी, केसर जास्त" असं लिहा. दोन फेऱ्यांत विक्रेत्याला तुमचं नाक कळायला लागतं.

आठवण अत्तराची नसून परदेशी स्प्रेची असेल, म्हणजे काकांनी दुबईहून आणलेल्या बाटलीची, तर रीत हीच, फक्त एक अडचण जास्त. त्या काळच्या कितीतरी पुरुषी परफ्यूममध्ये ओकमॉस असे. तेही दगडफुलासारखंच एक शैवाक आहे. त्यातले अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल त्वचेला ॲलर्जी आणतात म्हणून युरोपने त्यांवर बंदी घातली. तेच नाव, तीच बाटली आजही विकत मिळते, पण आतला मधला-शेवटचा भाग बदललेला असू शकतो. अशा वेळी नवी बाटली नाकाला पातळ वाटली तर आठवणीला दोष देऊ नका. विक्रेत्याकडे त्या नावाऐवजी "ओकमॉस, लिंबू, पचौली, कोरडा" एवढंच मागा; एखाद्या अत्तरात ती जागा दगडफुलाने भरलेली सापडते.

जुळलं की लगेच

बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: दुकान, विक्रेत्याने दिलेलं नाव, तारीख, थेंबांचं प्रमाण. पुढच्या खेपेला माल दुसऱ्या देगेतला येतो आणि थोडा वेगळा निघतो, म्हणून जुन्या बाटलीत दहा-पंधरा थेंब राखून ठेवा आणि नवं घेताना तेच नमुना म्हणून न्या. नव्या मालाची पट्टी आणि जुन्याची पट्टी शेजारी धरली की काय कमी-जास्त आहे ते विक्रेत्यालाही दिसतं, आणि मग तो स्वतःच म्हणतो, "इसमें खस दो बूंद और लगेगा."